बावीस खोल्यांचं दुसरं पत्र

बाबुपेठेतल्या भैयाजींच्या चाळीत बावीस खोल्या आहेत, आणि आमच्या भाडेकरू संघात सभासदही बावीसच. मी त्या संघाची सचिव, हर्षा रामटेके. नोकरी अंगणवाडी सेविकेची. सचिवपद माझ्याकडे आलं त्यामागे फार मोठं कारण नव्हतं. सभेत खुशालभाऊ म्हणाले, "हर्षाचं अक्षर चांगलं हाय, आन् तिले रजिस्टरं लिवाची सवय हाय." बाकीच्यांनी हात वर केले. खुशालभाऊ आमचे अध्यक्ष. कोळसा खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आवाज मोठा, मन त्याहून मोठं.

भैयाजी होते तोपर्यंत संघाची गरजच पडली नव्हती. म्हातारा दर महिन्याच्या पाच तारखेला स्वतः यायचा, ओट्यावर बसून चहा प्यायचा, सातशे रुपये घ्यायचा आणि पावती फाडून द्यायचा. ते वारल्यावर त्यांचा मुलगा प्रवीणबाबू नागपूरहून परत आला. मागच्या वर्षी जून महिन्यात प्रत्येक खोलीला वकिलाची नोटीस आली. जुलैपासून भाडं चार हजार, नाहीतर खोली खाली करा. जुलैत आम्ही सातशे घेऊन गेलो तर त्यांच्या माणसाने पैसे घेतलेच नाहीत.

चंचल मॅडम म्हणून एक वकीलबाई आहेत, त्यांना आम्ही जाऊन भेटलो. त्यांनी सांगितलं की नोटीस मिळाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत कोर्टात अर्ज करायचा. कायद्याप्रमाणे या खोलीचं योग्य भाडं किती, ते कोर्टानं ठरवून द्यावं, असा अर्ज. प्रत्येक खोलीचा वेगळा. ऑगस्टमध्ये बावीस अर्ज लागले. मग तारखा. एकवीस जानेवारीला आदेश झाला.

त्या दिवशी मी कोर्टात होते. आदेश इंग्रजीत होता. चंचल मॅडमनी बाहेर लिंबाखाली उभं राहून मला दहा मिनिटांत समजावलं आणि दुसऱ्या केससाठी आत पळाल्या. मी सगळं वहीत उतरवलं. संध्याकाळी घरी बसून सभासदांसाठी पत्र लिहिलं. खरं सांगते, ते पत्र लिहिताना मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. आमच्या पर्यवेक्षिका बाईंची पत्रं यायची तशी भाषा मी आणली होती. ते पत्र असं होतं:

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की, मा. न्यायालयाने दि. २१ जानेवारी रोजी अंतरिम आदेश पारित केला असून, प्रमाण भाड्याबाबत अंतिम निर्णय होईपर्यंत अर्जदारांनी माहे जुलैपासून दरमहा रु. ९५० प्रमाणे रक्कम न्यायालयात जमा करावयाची आहे. थकीत रक्कम दि. २८ फेब्रुवारीपर्यंत व त्यानंतरची रक्कम दरमहा १० तारखेच्या आत भरावी. सदर रक्कम विहित मुदतीत जमा न केल्यास अर्ज फेटाळण्यात येईल, याची गांभीर्याने नोंद घ्यावी."

खाली सही, शिक्का. बावीस झेरॉक्स काढून मी प्रत्येक दारात दिल्या. त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

चार दिवसांनी, रविवारी सकाळी, मी नळावर भांडी घासत होते. अंजनाबाई आल्या. अंजनाबाई शाळेत खिचडी शिजवतात. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगी वरोऱ्याला दिलेली. आठ नंबरच्या खोलीत एकट्या राहतात. त्यांनी चांगलं लुगडं नेसलं होतं आणि हातात पिशवी होती.

"कुठी चालल्या बाई?" मी विचारलं.

"प्रवीणबाबूच्या हापिसात. सही कराले."

"कसली सही?"

"नव्या करारावर. अश्विन आला होता परवा." अश्विन म्हणजे प्रवीणबाबूंचा व्यवस्थापक. "तो म्हने, कोर्टात तुम्ही हारले. आता जो सही करन त्याले पंचवीसशे रुपयांत राहू देऊ. जो नाई करन त्याचं सामान मार्चमधी रस्त्यावर."

मी हात धुतले. "बाई, आपण हरलो नाई. मी पत्र दिलं न तुमाले?"

"तुह्यंच पत्र दाखवलं त्यानं," अंजनाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. पिशवीतून त्यांनी माझा कागद काढला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे पाय. अर्ज फेटाळण्यात येईल. अश्विन म्हने, तुमच्याच सेक्रेटरीनं लिवलं हाय, मी काय खोटं बोलून राह्यलो? अर्ज फेटाळला मतलब घर गेलं. मी दोन रात्री झोपली नाई, हर्षा."

मी काही बोलायच्या आत त्या पुढे म्हणाल्या, "मले एवढंच समजलं का नऊशे पन्नास कोर्टाले द्याचे. मंग मालकाले अजून चार हजार द्याचे का? ते तं तू लिवलंच नाई."

खरंच लिहिलं नव्हतं. चार हजारांचा त्या पत्रात उल्लेखच नव्हता. ज्या आकड्याच्या भीतीने बावीस घरं सात महिने धास्तावली होती, तो आकडा मी पत्रात घातलाच नव्हता, कारण आदेशाच्या शेवटी असलेल्या कलमांत तो नव्हता. मी कलमं उतरवली होती.

"अंजनाबाई, नऊशे पन्नास म्हणजे सगळंच भाडं," मी म्हणाले. "चार हजार कोर्टानं मानले नाईत. वर काही द्याचं नाई."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "खरं सांगतं?"

"खरं सांगतो. आज सही करू नका. उद्यापर्यंत थांबा. मी मॅडमले विचारून सगळं कागदावर लिवून देतो."

त्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "मी थांबतो. पण लटारूनं तं शुक्रवारीच सही केली."

लटारूभाऊ सतरा नंबरमध्ये राहतात. चाळीच्या तोंडाशी त्यांची कपडे इस्त्री करायची गाडी आहे. मी तशीच ओल्या हातांनी तिकडे गेले. ते गाडीवर नव्हते. घरात त्यांची बायको गुणाबाई होती. तिला लिहिता-वाचता येत नाही. मी विचारल्यावर तिने कपाटातून एक कागद आणून दिला. पाचशेच्या स्टॅम्पपेपरची झेरॉक्स होती. त्यात लिहिलं होतं की मी माझे भाडेकरू म्हणून असलेले सर्व हक्क स्वखुशीने सोडत आहे, कोर्टातला अर्ज मागे घेत आहे, आणि आता अकरा महिन्यांसाठी फक्त परवानगीने राहणार आहे. खाली लटारूभाऊंची सही, शाळेतल्या मुलासारखी, अक्षर अक्षर सुटं.

"काय लिवलं हाय त्याच्यात?" गुणाबाईने विचारलं.

मी सांगितलं. अकरा महिन्यांनंतर मालक निघा म्हणू शकतो, हेही सांगितलं.

तिने तो कागद परत घेतला. मग म्हणाली, "तुह्या कागदानं डरवलं त्याले. अश्विननं नाई डरवलं. अश्विनचं तो कधी आयकत नव्हता. तुह्या कागदावर शिक्का होता म्हनून सही केली त्यानं."

मी घरी आले.

दुपारी खुशालभाऊ आले. त्यांना सगळं कळलं होतं. ते दारातूनच म्हणाले, "आत्ताच्या आत्ता दुसरं पत्र काढ. मोठ्या अक्षरात लिव, आपन जिंकलो. लोकाईले जोश आला पायजे. ते फेटाळाचं बिटाळाचं काई लिवू नको. लोक घाबरते."

"भाऊ, आपण जिंकलो नाई अजून," मी म्हणाले. "आणि ती ओळ काढली आणि कोणी पैसे भरले नाईत, तर त्याचा अर्ज खरंच जाईल."

"अवो, पन डर बसला न लोकाईले."

"डर ओळीचा नाई. ओळ अर्धी होती त्याचा डर आहे."

खुशालभाऊ कुरकुरले, पण बसले. आम्ही चंचल मॅडमना फोन लावला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच मी त्यांना एकेक प्रश्न विचारला, अंजनाबाईंनी विचारले असते तसे. अर्ज फेटाळला तर घरातून काढतात का? नाही, मॅडम म्हणाल्या. अर्ज फेटाळला तर भाडं ठरवून मागायची ही वाट बंद होते आणि आपली बाजू कमजोर होते. पण काढायचं असेल तर मालकाला वेगळा दावा लावावा लागतो, आणि त्यातही आपल्याला बोलायची संधी असते. एकाने पैसे भरले नाहीत तर सगळ्यांचा अर्ज जातो का? नाही. ज्याचा त्याचा. हे नऊशे पन्नास कायमचे का? नाही. हे तात्पुरते, मूळ निकाल लागेपर्यंतचे. निकालात थोडे वर-खाली होऊ शकतात. पैसे मालकालाच दिले तर चालतील का? चालतील, भाडेकरूला तशी निवड आहे, पण पावती हवी. तो पावती देणार नसेल तर कोर्टातच भरा.

"आणि लटारूभाऊंचं?" मी विचारलं.

मॅडमनी उलट विचारलं, "करार नोंदवला आहे का?"

"नाही वाटत. फक्त स्टॅम्पपेपर आहे."

"मग त्यांना उद्या सकाळीच माझ्याकडे आणा. खोटं सांगून सही घेतली, ती मला मान्य नाही, अशी नोटीस लगेच पाठवू. उशीर केला तर कोर्ट विचारेल, इतके दिवस गप्प का होतात? आणि त्यांचे पैसेसुद्धा मुदतीत भरा. खात्री देत नाही मी. सही ही सही असते."

संध्याकाळी मी दुसरं पत्र लिहिलं. तीन वेळा फाडलं. मग अंजनाबाईंना बोलावलं, समोर बसवलं आणि त्यांना सांगितल्यासारखं लिहीत गेले. कुठे त्यांचा चेहरा कोरा झाला की ती ओळ बदलायची. पत्र असं झालं:

"भैयाजींच्या चाळीतल्या सगळ्या भाडेकरूंना,

मागच्या आठवड्यात मी दिलेलं पत्र अपुरं होतं. त्यामुळे काही लोकांचा गैरसमज झाला. चूक माझी आहे. ते पत्र बाजूला ठेवा आणि हे वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मला बोलवा, मी येऊन वाचून दाखवीन.

कोर्टानं कोणालाही खोली खाली करायला सांगितलेलं नाही.

मालकानं चार हजार रुपये भाडं मागितलं होतं. कोर्टानं ते आता लागू केलेलं नाही. खोलीचं योग्य भाडं किती, याचा शेवटचा निकाल लागायला वेळ आहे. तोपर्यंत आपण महिन्याला नऊशे पन्नास भरायचे. हेच पूर्ण भाडं. याच्या वर मालकाला काही द्यायचं नाही. हा आकडा शेवटच्या निकालात बदलू शकतो. कायद्याप्रमाणे मालकाला भाड्यात दर वर्षी चार टक्के वाढ मिळते, म्हणून सातशेच राहतील अशी आशा ठेवू नका. आपण अजून जिंकलेलो नाही आणि हरलेलोही नाही.

जुलै ते जानेवारी सात महिन्यांचे सहा हजार सहाशे पन्नास होतात. ते २८ फेब्रुवारीच्या आत कोर्टात भरायचे आहेत. फेब्रुवारीचे दहा मार्चच्या आत, आणि पुढे तसेच दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत. कोर्टात नाझर म्हणून विभाग आहे, तिथे चलान भरून पैसे घेतात. आपण सगळे सोबत जाऊ.

आता घाबरवणारी गोष्ट, पण ती सांगायलाच हवी. जो वेळेवर पैसे भरणार नाही त्याचा अर्ज कोर्ट काढून टाकेल. फक्त त्याचा, सगळ्यांचा नाही. अर्ज गेला म्हणजे त्या दिवशी घर जात नाही. काढायचं असेल तर मालकाला वेगळी केस करावी लागेल. पण आपली बाजू कमजोर होईल. म्हणून तारीख चुकवू नका. कोणाकडे पैसे जुळत नसतील तर लाजू नका, फेब्रुवारीच्या पंधरा तारखेपर्यंत मला सांगा.

कोणीही कोणत्याही नव्या कागदावर सही करू नका. मालकाचा माणूस आणतो त्या कागदात, तुमचा भाडेकरू म्हणून असलेला हक्क तुम्ही सोडता, असं लिहिलेलं आहे. कोणी सही केली असेल तर लगेच सांगा. रागावणार नाही.

हर्षा रामटेके, सचिव"

खुशालभाऊंनी वाचलं. "चूक माझी आहे, हे लिवाची काय गरज हाय? संघाची इज्जत जाते."

"लिहिलं नाई तर लोक दोन्ही पत्रं मांडीवर घेऊन बसतील आणि खरं कोणतं ते विचारतील."

त्यांनी डोकं खाजवलं आणि कागद परत दिला. "ठेव मंग."

या वेळी मी पत्र नुसतं दारात देऊन आले नाही. दोन संध्याकाळी प्रत्येक खोलीत जाऊन वाचून दाखवलं. पाच नंबरच्या कमलाने हळूच सांगितलं की तिनेही अश्विनला सोमवारी येते म्हणून सांगितलं होतं. अकरा नंबरमध्ये भांडण झालं, नऊशे पन्नास तरी का द्यायचे म्हणून. सतरा नंबरमध्ये गुणाबाईने मला बस म्हटलं नाही. मी उभ्याने वाचलं. लटारूभाऊ भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "मी उद्या येतो वकीलबाईकडे. गाडी बंद ठेवतो."

तिसऱ्या दिवशी अश्विन स्टॅम्पपेपरची फाईल घेऊन आला तेव्हा अंजनाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी घरातून ऐकत होते.

"बाई, रविवारी येतो म्हनल्या आन् आल्याच नाई," तो म्हणाला.

"नाई येत."

"मार्चमधी पस्तावान. अर्ज फेटाळला का..."

"माहा अर्ज माह्या पैशावर हाय," अंजनाबाई म्हणाल्या. "पैसे मी अठ्ठावीस तारखेच्या आत भरतो. मंग कोन फेटाळन? आन् तुले मले काढाचं असन तं वेगळी केस कर. पैले कोर्टात जा, मंग माह्या दारात ये."

अश्विनने फाईल काखेत मारली. मग कमलाच्या दारापर्यंत गेला. तिने दार उघडलं, नाही म्हणाली आणि दार लावून घेतलं. तो पुढे गेलाच नाही.

चोवीस फेब्रुवारीला आम्ही वीस जण कोर्टात गेलो. दोघांना पैसे जुळवायला अजून दोन दिवस लागले, संघाच्या वर्गणीतून थोडे उसने दिले. नाझरच्या खिडकीसमोर रांग लागली. कारकुनाने चष्म्यावरून पाहून विचारलं, "सगळे एकाच चाळीतले?" खुशालभाऊ छाती काढून हो म्हणाले. लटारूभाऊंनी चलानावर सही करायच्या आधी पूर्ण कागद मला वाचायला लावला. मी वाचला. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला.

लटारूभाऊंच्या नोटिशीला प्रवीणबाबूंकडून उत्तर आलं नाही. पुढच्या तारखेला मात्र त्यांच्या वकिलाने तो करार कोर्टापुढे ठेवला आणि सतरा नंबरचा अर्ज निकाली काढा म्हटलं. न्यायाधीशांनी लटारूभाऊंना समोर बोलावलं. ही सही तुमची का? लटारूभाऊ म्हणाले, "सही माही हाय साहेब. समज माही नव्हती." चंचल मॅडमनी नोटिशीची पोच आणि पैसे भरल्याची पावती दाखवली. न्यायाधीशांनी सांगितलं की हा कागद खरा धरायचा की नाही ते पुरावा झाल्यावर ठरेल, तोपर्यंत अर्ज राहील. म्हणजे लटारूभाऊंचा अर्ज जिवंत राहिला, पण बाकी एकवीस जणांपेक्षा त्यांच्या गळ्यात एक भांडण जास्तीचं पडलं. त्यांना साक्ष द्यावी लागेल, उलटतपासणी होईल. इस्त्रीची गाडी त्या दिवशी बंद राहील. कोर्टातून परतताना ते माझ्याशी नीट बोलले. ऑटोत म्हणाले, "तुह्यी चूक नाई वो. मी विचाराले पायजे होतं." मला माहीत होतं की ते अर्धंच खरं आहे.

मूळ निकाल अजून लागायचा आहे. प्रवीणबाबूंनी आता दुसरे वकील केले आहेत, आणि पावसाळ्यात गळणाऱ्या छताकडे बघायलाही ते तयार नाहीत. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल असं दिसतं. दर महिन्याच्या आठ-नऊ तारखेला आमच्यापैकी कोणी ना कोणी सगळ्यांचे पैसे घेऊन नाझरकडे जातं. एकही तारीख अजून चुकलेली नाही.

गुणाबाई माझ्याशी चार महिने बोलली नाही. नळावर आली की घागर भरून निघून जायची. जूनमध्ये पुढच्या तारखेचं पत्र मी लिहिलं, आणि ते झेरॉक्सला द्यायच्या आधी सतरा नंबरच्या दारात गेले.

"गुणाबाई, हे वाचून दाखवू का? तुमाले समजल्याशिवाय हे पत्र वाटत नाई मी."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पाट सरकवला.

"वाच," ती म्हणाली. "हळू वाच."

दुसऱ्याच ओळीवर तिने मला थांबवलं. "हे तहकूब काय हाय?"

"तारीख पुढे गेली."

"मंग तसं लिव ना बाई."

मी शब्द खोडला आणि तसं लिहिलं.